लॅगवाल्याला न छळता स्पीड हॅक पकडायचा कसा?

जांबोटी_रोड: आमच्या गेममध्ये सर्व्हर दोन पोझिशनमधलं अंतर मोजतो, भागिले वेळ करतो आणि वेग जास्त निघाला की खेळाडूला बाहेर काढतो. खऱ्या स्पीड हॅकवाल्यांबरोबर खानापूरच्या जंगल पट्ट्यातले, कणकुंबी-जांबोटीकडचे मोबाईल डेटावाले साधे खेळाडूही उडतात. पावसाळ्यात तर जास्तच. मर्यादा सैल केली की हॅकवाले सुटतात. काय करावं? चालण्याचा वेग सेकंदाला 6 मीटर, सर्व्हर 30 टिकचा.

टिळकवाडी_फायबर: पिंगप्रमाणे मर्यादा बदला की. 50 मिलिसेकंदवाल्याला कडक, 250 वाल्याला दुप्पट सूट. रेंज नसलेल्याला सूट द्यायलाच पाहिजे, एवढं साधं आहे.

नेटकोड_चिकोडी: सूट हवी हे बरोबर, पण ती पिंगला जोडू नका दादा. पिंग 250 असूनही पॅकेटं सारख्या अंतराने येत असतील, तर सर्व्हरला तो माणूस अगदी व्यवस्थित चालताना दिसतो, फक्त थोडा उशिरा. गोंधळ होतो तो पॅकेटं अडकून एकदम येतात तेव्हा. शिवाय पिंगच्या उत्तराला मुद्दाम उशीर लावणं हॅकवाल्याच्या हातात असतं. म्हणजे तुमची सूट आधी त्यालाच मिळणार.

जांबोटी_रोड, तुमचाच आकडा घेऊन बघूया. सेकंदाला 6 मीटर म्हणजे एका टिकला 20 सेंटिमीटर. नेट 400 मिलिसेकंद अडकलं आणि मग 12 पॅकेटं एकाच टिकमध्ये आली. सर्व्हरच्या हिशेबात माणूस 33 मिलिसेकंदांत 2.4 मीटर गेला, म्हणजे सेकंदाला 72 मीटर. काढला बाहेर! पण त्याने 400 मिलिसेकंदांत 400 मिलिसेकंदांचंच चालणं केलंय, एक पाऊलही जास्त टाकलेलं नाही. तपासायचं ते हेच, की घड्याळात जेवढा वेळ गेला त्यापेक्षा जास्त वेळाचं चालणं त्याने मागितलं का?

त्यासाठी क्लायंटकडून पोझिशन घेणं बंद करा. फक्त इनपुट घ्या, म्हणजे दिशा आणि बटणं, आणि चालवायचं काम सर्व्हरने करायचं. टेलिपोर्टचा प्रश्न तिथेच बराचसा मिटतो, कारण "मी आता तिकडे आहे" असं सांगायची सोयच उरत नाही. राहिला स्पीड हॅक. त्याला प्रत्येक खेळाडूमागे वेळेचं एक खातं ठेवा:

```
budget = min(budget + elapsed * 1.01, 0.5)
if budget >= dt:
    simulate(cmd); budget -= dt
else:
    drop(cmd)
```

पहिली ओळ प्रत्येक टिकला एकदा चालते, खालचा भाग प्रत्येक इनपुटला. `dt` सर्व्हरचा ठरलेला, 1/30 सेकंद. तो क्लायंटकडून घेतलात तर सगळं मुसळ केरात. सुरुवातीला खात्यात 0.1 सेकंद टाकून ठेवा, कारण पहिलंच पॅकेट रखडून आलं तर पुढची सगळी लवकर आल्यासारखी दिसतात.

वरचा अडकलेला खेळाडू यात आपोआप सुटतो. तो गप्प असताना 12 इनपुटांची शिल्लक जमली, ती त्याने खर्च केली. दीडपट वेगवाला मात्र सेकंदाला 45 इनपुट पाठवतो आणि खात्यात जमतात 30. सुरुवातीची शिल्लक डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते, मग त्याची दर सेकंदाला सुमारे 15 इनपुटं केरात जातात. त्याच्या स्क्रीनवर तो पळतो आणि मागे खेचला जातो, बाकीच्यांना चालत्या वेगानेच दिसतो.

निपाणी_ब्लॉक्स: माझ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर `moved too quickly!` असं सारखं येतं. spigot.yml मध्ये `moved-too-quickly-multiplier` 10 चं 20 केलं तरी येतं. हे खातं तिथे कुठे लिहायचं?

नेटकोड_चिकोडी: तिथे नाही लिहायचं. माइनक्राफ्टचा क्लायंट पोझिशनच पाठवतो, त्यामुळे हा उपाय जसाच्या तसा बसत नाही. आकडा वाढवण्याआधी ती ओळ किती जणांच्या नावाने येते ते बघा. एकाच वेळी सगळ्यांच्या नावाने येत असेल तर तुमचा सर्व्हरच मध्ये थांबतोय.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच लागू आहे. सर्व्हरने स्वतः कुणाला हलवलं, पुन्हा जन्म दिला किंवा दारातून दुसरीकडे नेलं, तर जुन्या जागेवरची पॅकेटं अजून वाटेत असतात. ती आली की माणूस परत उडून गेल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक हलवण्याला क्रमांक द्यायचा आणि क्लायंटने तो परत पाठवेपर्यंत त्याची हालचाल मोजायची नाही, मानायचीही नाही. माइनक्राफ्टमध्ये असा क्रमांक आहेच.

टिळकवाडी_फायबर: पिंगचं पटलं. पण ते `elapsed` कशाला? टिक मोजा, प्रत्येक टिकला 1/30 जमा करा.

नेटकोड_चिकोडी: सर्व्हर स्वतः 300 मिलिसेकंद अडकला तर? टिक एकच झाली, जमा एकच झालं, आणि दारात प्रत्येकाची 9 इनपुटं उभी. चांगल्या नेटवाल्यांचीसुद्धा इनपुटं फेकली जातील. खरं घड्याळच घ्या, तेही मागे न जाणारं, तारीख-वेळ बदलली तरी न हलणारं. ते 1.01 आहे ते दोन यंत्रांच्या घड्याळांतल्या फरकासाठी. दहा लाखांत 100 चा फरक असला तरी तासाला 0.36 सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ 11 इनपुटं. प्रामाणिक माणसाची तेवढी फेकायची कशाला? हॅकवाल्याला त्यातून मिळून मिळून एक टक्का मिळतो.

कॅम्प_नेमबाज: मला हे अर्धंच पटतं. तुमची शिल्लक 0.5 सेकंद, म्हणजे 15 इनपुटं, म्हणजे 3 मीटर. एखाद्याने मुद्दाम अर्धा सेकंद नेट धरून ठेवलं आणि सोडलं, तर तो भिंतीआडून 3 मीटर बाहेर एका टिकमध्ये येतो. ज्याला गोळी लागली तोही खेळाडूच आहे ना? त्याला तर समोरचा दिसलाच नाही. नेमबाजीच्या खेळात कमाल शिल्लक 0.15 च्या वर नको. बाकीची इनपुटं फेका.

जांबोटी_रोड: 0.15 ठेवलं तर आमच्याकडचा माणूस दर अडकण्याला मागे खेचला जाईल. 400 मिलिसेकंदांतलं दोन तृतीयांश चालणं गेलं की.

नेटकोड_चिकोडी: कॅम्पवाल्यांची शंका खरी आहे. सरासरी वेग वाढत नाही, पण झेप मिळते. माझा कल असा: शिल्लक 0.5 च ठेवा, पण एका टिकमध्ये दोनपेक्षा जास्त इनपुटं चालवू नका, उरलेली रांगेत ठेवा. 12 इनपुटांची रांग संपायला साधारण 400 मिलिसेकंद लागतात, कारण दर टिकला एक नवीन येतंच. तेवढा वेळ तो दुप्पट वेगाने जाताना दिसेल, पण दिसेल तरी.

कॅम्प_नेमबाज: दुप्पट वेगाच्या माणसावर नेम धरायचा तर तो फायदाच झाला की त्याचा. गावात घरांघरांतून फिरायच्या गेमला चालेल, आमच्या गेमला नाही.

जांबोटी_रोड: आणि कायमचं बॅन कधी?

नेटकोड_चिकोडी: एका फेकलेल्या इनपुटावरून कधीच नाही. मागे खेचणं हीच तेवढ्यापुरती शिक्षा. लॉगमध्ये प्रत्येक खेळाडूची दोन गोष्टी लिहा: मागच्या 60 सेकंदांत आलेली एकूण इनपुटं, आणि एकदम आलेल्या इनपुटांच्या झुंडीच्या आधीची शांतता. जंगल पट्ट्यातला माणूस कितीही अडकला तरी 1800 च्या आसपासच राहतो, बहुतेक वेळा खालीच, आणि त्याच्या प्रत्येक झुंडीआधी तेवढीच शांतता असते. दीडपटवाला 2700 वर जातो आणि मध्ये कुठे थांबतच नाही. सलग तीन-चार मिनिटं असं दिसलं तर माणसाने लॉग बघून निर्णय घ्यावा.

कॅम्प_नेमबाज: नेट धरून-सोडणारा या हिशेबात 1800 च्या खालीच राहील. त्याचं काय?

नेटकोड_चिकोडी: तो या आकड्यांत सापडणार नाही, हे मान्य. त्याची शांतता दर वेळी शत्रू समोर यायच्या आधीच येते का, हे ताडून बघता येतं. पण कणकुंबीचा टॉवरही लढाईच्या ऐन वेळी झोपतोच, म्हणून तेवढ्यावरून मी कुणाला काढणार नाही.

कॅम्प_नेमबाज: मी काढीन.