मदत हवी आहे: मॅनेजरला रोल वाटायचा अधिकार दिलाय, पण स्वतःपेक्षा भारी रोल तो देऊ नये हे नक्की कसं तपासायचं?

दर्यादेव (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. एका मच्छीमार सोसायटीचं बर्फ, डिझेल आणि उचलीचं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडे आलंय, आधीच्या माणसाने जँगोमध्ये बांधलेलं. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेच्या मॅनेजरला आपल्या माणसांना रोल द्यायची मुभा आहे, कारण सीझन सुरू झाला की काउंटरवरची पोरं सारखी बदलतात आणि दर वेळी हेड ऑफिसला फोन करणं कोणालाच परवडत नाही.

आत्ता प्रत्येक रोलला एक नंबर आहे. हेड ऑफिस 100, मॅनेजर 60, अकाउंटंट 40, क्लार्क 20. नियम एकच, आपल्यापेक्षा कमी नंबरचा रोल देता येतो. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण एका शाखेत असं झालं की मॅनेजरने स्वतःच्याच दुसऱ्या मोबाइल नंबरवर एक नवीन युजर उघडला, त्याला अकाउंटंट केलं, आणि मग एका लॉगिनने नौकामालकाच्या उचलीचं व्हाउचर करायचं नि दुसऱ्या लॉगिनने तेच मंजूर करायचं असं चालू ठेवलं. `voucher.approve` ही परमिशन मॅनेजरकडे मुद्दाम दिलेलीच नव्हती. रिपोर्टात दोन वेगळी नावं दिसत असल्यामुळे कोणाला संशयच आला नाही, मी लॉग बघितला तेव्हा दोन्ही लॉगिन एकाच फोनवरून आणि दोन-तीन मिनिटांच्या अंतराने होती आणि त्या अकाउंटंटच्या नावावर मंजुरी सोडून दुसरं एकही काम नव्हतं.

1 ऑगस्टला होड्या बाहेर पडायच्या आत हे बंद करायचंय. काय करू?

कुडाळकर_भाऊ

अरे मग मॅनेजरकडून युजर बनवायचा राइटच काढून टाक की, हेड ऑफिसने बनवावेत. नाहीतर अकाउंटंटचा नंबर 70 कर, मॅनेजरला तो देताच येणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

दर्यादेव

भाऊ, 70 केला की उलटं होतं ना. अकाउंटंटलाही लोक नेमायचा राइट आहे, सुट्टीच्या दिवसांसाठी दिलेला, म्हणजे तो मॅनेजर नेमायला लागेल.

तारकर्लीवाला

आमच्या होमस्टेच्या बुकिंग साइटवर पण असाच प्रॉब्लेम हा. रिसेप्शनवरच्या पोराक रेट बदलूचो मेनू दिसता नये. मी तो मेनू लपवलंय, तुमी पण अकाउंटंटचा नाव त्या ड्रॉपडाउनमधून काढून टाका, झाला.

मीनल_गुहागर

तारकर्लीवाले दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तुमचा पोरगा कोणाला रोल देत नाहीये. आणि मेनू लपवला तरी सर्व्हरवर तपासणी नसेल तर रिक्वेस्ट हाताने पाठवून रेट बदलता येतो, ते आधी बघून घ्या.

दर्यादेव, मूळ गडबड त्या नंबरात आहे. नंबर सगळ्या रोलना एका रांगेत उभं करतात आणि तुमचे रोल एका रांगेतले नाहीतच. मॅनेजर व्हाउचर करू शकतो पण मंजूर नाही, अकाउंटंट मंजूर करू शकतो पण व्हाउचर बनवू शकत नाही. दोघांपैकी मोठा कोणीच नाही. कुडाळकर भाऊंचं अर्धं बरोबर आहे, ती एक वाट बंद होईल, पण कुठलाही नंबर टाकला तरी एका बाजूने भोक राहणारच. म्हणून नंबर फेकून द्या आणि परमिशनचे संच ताडून बघा: देणाऱ्याकडे त्या शाखेत जे आहे त्याच्या बाहेरचं काही त्या रोलमध्ये आहे का? एक जरी परमिशन बाहेरची असली तरी नाही. कुबरनेटिसमध्ये हेच आहे, रोल दुसऱ्याला बांधायचा तर त्यातलं सगळं त्याच स्कोपमध्ये तुमच्याकडे हवं, नाहीतर त्या रोलवर `bind` हे वेगळं मिळालेलं हवं.

दर्यादेव

ताई हे करून बघितलं. आता मॅनेजरला क्लार्कसुद्धा नेमता येत नाही, कारण काउंटरची पावती फाडायची परमिशन मॅनेजरकडे नाहीये 😟 ती त्याला दिली तर तो काउंटरवर बसून पावत्या फाडेल, तेही नको आहे.

मीनल_गुहागर

हो, इथेच सगळे अडकतात. स्वतः करता येणं आणि दुसऱ्याला देता येणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हर्णैच्या मॅनेजरला "क्लार्क, हर्णै" ही जोडी देता येते असं हेड ऑफिस एका टेबलात लिहून ठेवेल, बाकी काही नाही. पण ते टेबल भरताना एक पक्कं धरून चाला: जो रोल तो देऊ शकतो तो त्याच्याच हातात आहे असं समजायचं, कारण स्वतःला द्यायला बंदी केली तरी दुसऱ्या नंबरवर युजर उघडायला किती वेळ लागतो, तुमच्याकडे तेच झालं. म्हणून अकाउंटंट त्या टेबलात टाकू नका. मॅनेजरने नाव सुचवायचं, हेड ऑफिसने माणूस ओळखून मान्य करायचं, तोपर्यंत रोल लागूच होत नाही. अकाउंटंट काय वर्षातून एखादा बदलतो, तेवढा एक फोन चालेल.

दुसरं, ज्याला रोल देताय त्याच्याकडे आधी काय आहे तेही तपासा. हेड ऑफिसचा ऑडिटर हर्णै शाखेत नोंदलेला असेल आणि मॅनेजर त्याचा मोबाइल नंबर बदलू शकत असेल, तर ओटीपी मॅनेजरकडे येणार. रोल न देताच काम झालं.

```python
def can_assign(giver, target, role, branch):
    ok = giver.grantable()  # set of (role, branch)
    return (
        giver != target
        and (role, branch) in ok
        and target.assignments() <= ok
    )
```

शेवटची ओळ नंबर बदलणं, पासवर्ड रीसेट, युजर बंद करणं, सगळीकडे लावा.

देवगड_अण्णा

यात एक भर. जँगो अ‍ॅडमिनच्या युजर फॉर्ममध्ये ग्रुपची यादी छाटून फक्त देता येणारे ग्रुप दाखवलेत, तर जपून. समजा एखाद्याकडे क्लार्क आणि स्टॉक तपासनीस असे दोन ग्रुप आहेत आणि मॅनेजरला फॉर्ममध्ये फक्त क्लार्क दिसतो. त्याने नावातली चूक सुधारून सेव्ह दाबलं की तपासनीस ग्रुप गुपचूप उडतो, कारण सेव्ह करताना फॉर्ममध्ये आलेली यादी हीच पूर्ण यादी धरली जाते. कोणाचा ग्रुप हकनाक कमी होतोय अशी तक्रार आली तर पहिलं इथे बघा. आणि मॅनेजरला `is_superuser` ची टिकबॉक्स दिसत नाही ना? युजर बदलायची परमिशन असलेल्या स्टाफला जँगो ती दाखवतो, मुद्दाम बंद करावी लागते.

दर्यादेव

अण्णा, दिसत होती!! आत्ताच बंद केली, चारही शाखांत. तुम्ही म्हणता तसा ग्रुप उडालेला एक माणूस मालवणात पण सापडला, त्याला वाटत होतं हेड ऑफिसने काढलं.

कुडाळकर_भाऊ

बरं, पण मॅनेजरची बदली झाली तर त्याने नेमलेल्यांचं काय? ते तसेच राहणार?

मीनल_गुहागर

यावर दोन मतं आहेत. पोस्टग्रेसमध्ये 16 पासून रोल कोणी दिला हे धरलं जातं, आणि ज्याने पुढे कोणाला दिलाय त्याचा देण्याचा हक्क काढायला गेलात तर `CASCADE` लिहिल्याशिवाय काढूच देत नाही, आणि लिहिलं की खालचेही जातात. तुमच्याकडे तसं केलं तर मॅनेजरची बदली झाल्या दिवशी सगळं काउंटर बंद पडेल. मी नेमणूक ठेवेन, पण कोणी दिली आणि कधी दिली हे दोन कॉलम आजच घाला, ते नंतर शोधून सापडत नाही.

देवगड_अण्णा

मला नाही पटत. ज्या मॅनेजरने खोटा युजर उघडला त्याला काढल्यावर त्याने नेमलेले तसेच का ठेवायचे? निदान नव्या मॅनेजरने प्रत्येकाला पुन्हा मान्य करेपर्यंत मुदत तरी घाला.

दर्यादेव

कॉलम घालतोय आजच. मुदतीचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतो, पण ती किती ठेवायची? सीझनच्या पहिल्या आठवड्यात कोणाचं लॉगिन बंद पडलं तर बर्फाची गाडी अडते, म्हणून विचारतोय. कोणी असं प्रत्यक्ष चालवलंय का?