प्रतिसाद: आघात कुठे पडतो ते ऐका

> "पेन्सारचं पिएन्सो होतं, मग पेन्सामोस तसंच का राहतं?"

स्पॅनिशमधल्या पेन्सार म्हणजे 'विचार करणे' या क्रियापदात हे आघातामुळे होतं. मोठ्याने म्हणून पाहा: पिएन्सो, पिएन्सास, पिएन्सान यांत जोर धातूवर पडतो, म्हणून 'ए'चा 'इए' होतो. पेन्सामोस, पेन्साइसमध्ये जोर प्रत्ययावर सरकतो आणि मूळ स्वर टिकतो. पोदेरचंही तसंच: पुएदो, पुएदेन, पण पोदेमोस. पेन्साबा या भूतकाळी रूपातही जोर पुढे असल्याने बदल नाही.

मात्र हा नियम कोणतं रूप बदलतं एवढंच सांगतो, कोणतं क्रियापद बदलतं ते नाही. कोमेरचं कोमोच होतं. म्हणून नवं क्रियापद 'मी'च्या रूपासकट पाठ करा: पोदेर, पुएदो. पोदेरची पुदे, पुदिएन्दो ही रूपं या नियमात बसत नाहीत, ती वेगळी शिकावी लागतात.