अनुभव धागा: तिकिटावर थ्री-ए, मग ए-३ मध्ये का नाही बसायचं?

नगरकर_पुण्यात:
काल भाच्याचं तिकीट बघत होतो. क्लास थ्री-ए आणि डबा बी-२. तो म्हणतो, "मामा, काहीतरी गडबड आहे, मला ए-३ हवा ना?" त्याला समजावता समजावता दौंड आठवलं.

आम्ही कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला जायचो. आत्या नगरला राहायची, ती पिठलं-भाकरी घेऊन फलाटावर यायची. बाबा पुण्याहून फोन करून सांगायचे, "एस-३, इंजिनपासून पाचवा." पहिला एसएलआर, मग जनरल, मग एस-१, एस-२, एस-३. हिशोब बरोबर. पण मध्ये दौंड! तिथे इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलटी निघायची. २२ डबे धरा, पाचवा डबा नगरला अठरावा होऊन यायचा. आत्या पुढे, आम्ही मागे, मधे जवळजवळ तीनशे मीटर. भाकरीचं गाठोडं घेऊन धावणारी आत्या आणि दारात लटकून ओरडणारे बाबा, दरवर्षी तेच.

तुमचेही असे डबे शोधण्याचे किस्से लिहा.

मिरजेची_सून:
अगं बाई, आत्यांनी पुढच्या वर्षी मागच्या टोकाला उभं राहायचं ना 😂 पिठलं सांडायचं का?

नगरकर_पुण्यात:
राहिली होती. त्या वर्षी बाबांनी दौंडचा हिशोब आधीच करून "मागून पाचवा" सांगितलं होतं, आणि आत्याने तो परत उलटा केला.

तपासनीस (निवृत्त):
या गोंधळावर माझी नोकरी गेली, म्हणजे वर्षं गेली. लोक क्लास आणि डबा एकच समजतात. थ्री-ए हा भाड्याचा वर्ग झाला, त्याच्या डब्यावर बी लिहितात. टू-ए च्या डब्यावर ए. फर्स्ट एसीच्या डब्यावर एच. त्यामुळे "थ्री-ए" वाचून ए-३ मध्ये घुसलेला माणूस टू टियरमध्ये पडदे बघून खूश होतो आणि मूळ मालक आला की भांडतो. दोघांकडेही बर्थ १५, दोघांची तिकिटं खरी. भांडण सुरू झालं की मी आधी दोघांना डब्याचं अक्षर मोठ्याने वाचायला लावायचो. निम्मी भांडणं तिथेच संपायची.

आता एम पण आलाय, तो थ्री-ई म्हणजे इकॉनॉमी थर्ड एसीचा. बी-६ च्या शेजारी एम-१ दिसला तर घाबरू नका.

अर्धवट_प्रवासी:
सोपं आहे हो. जनरल दोन टोकांना, एसी मधोमध, स्लीपर दोन्ही बाजूंना. सगळ्या गाड्यांचं हेच. आणि एसएलआर म्हणजे स्लीपरच, फक्त रिझर्व्हेशन नसलेला.

तपासनीस (निवृत्त):
पहिलं बऱ्यापैकी खरं, दुसरं अजिबात नाही. एसएलआरमध्ये थोडी बसायची जागा, बाकी सामान आणि गार्ड. झोपायला काही नाही. एस दिसला म्हणून बेडिंग घेऊन आत शिरलेली कुटुंबं मी खाली उतरवली आहेत.
आणि एसी मधोमध असतोच असं नाही. कित्येक गाड्यांत एच, ए, बी एका टोकाकडे ओळीने, मग पॅन्ट्री, मग स्लीपर. पूर्ण एसी राजधानीत तर जनरल नाहीच.

अर्धवट_प्रवासी:
आमच्या गाडीत मधोमधच असतो. 🙏

कुडाळचो_झील:
आमच्याकडे वेगळाच त्रास. छोटं स्टेशन, गाडी दोन मिनिटं थांबणार, फलाट गाडीपेक्षा आखूड. टोकाचा डबा खडीवर. आई म्हातारी, म्हणून मी नेहमी मधला डबा मिळतो का बघतो. पण बुकिंगच्या वेळी डब्याची पसंती दिली तरी तोच मिळेल याची खात्री नसते, अक्षर मिळेल ते. गणपतीत तर एसई-१ मिळाला होता, बोर्डवर शोधून डोळे दुखले.

तपासनीस (निवृत्त):
एसई म्हणजे जादा जोडलेला स्लीपर. गर्दीत तसाच बीई पण लागतो. बहुधा टोकाकडे जोडतात, पण कुठल्या टोकाला ते गाडीगणिक बदलतं. एस-१ आणि एस-२ च्या मधे शोधू नका.
दोन मिनिटांच्या थांब्याला पळत आपला डबा गाठायचा हट्ट करू नका. जवळच्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. फक्त जनरल किंवा एसएलआरमध्ये चढू नका, तिथून पुढे वाट मिळेलच असं नाही. आणि रात्री एसी आणि स्लीपरमधलं दार बंद असू शकतं, म्हणून स्लीपरवाल्याने स्लीपरमध्येच चढावं.

सौ_डोंबिवली:
इथे कोणी सांगेल का, १५ नंबर साईड लोअर आहे का? नवऱ्याला गुडघ्याचा त्रास. मला डब्याचं काही नको.

स्लीपरवाला:
ताई, डबा नको म्हणून कसं चालेल! 😄 एस किंवा बी असेल तर १५ ला ८ ने भागा, ७ उरले, म्हणजे साईड लोअर. ए असेल तर एका खणात ६ बर्थ, १५ ला ६ ने भागा, ३ उरले, म्हणजे आतला खालचा. तुमचा कुठला?

सौ_डोंबिवली:
थांबा, चष्मा आणते.

इंजिनप्रेमी_नाशिक:
अंतराचा अंदाज कुणी लिहिला नाही. नवे एलएचबी डबे साधारण २४ मीटरचे. इंजिनपासून चौथा आणि चौदावा यात २४० मीटरचा फरक, बॅगेसकट. म्हणून फलाटावरचे डब्यांचे इंडिकेटर बघावेत. पण तेही गाडी जवळ आल्यावर कधी कधी बदलतात, त्यामुळे मी बोर्डाखाली उभा राहून गाडी शिरताना डोळ्यांनी डबे मोजतो.
आणखी एक. स्लीपरमध्ये तुमचा बर्थ ७२ च्या वरचा असेल तर तो एलएचबीचाच. जुन्या निळ्या डब्यात ७२, नव्यात ८०. ऐनवेळी जुना रेक लागला की ७३ ते ८० वाले टीटीईला घेरतात.

मिरजेची_सून:
जनरेटरच्या शेजारी झोप लागत नाही म्हणून मी टोकाचा डबा टाळते.

इंजिनप्रेमी_नाशिक:
आता बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनातूनच डब्यांना वीज मिळते, जनरेटर सुरूच नसतो. कान लावून बघा.

मिरजेची_सून:
मग रात्रभर घुरघुर कसली येते?

स्लीपरवाला:
वरच्या बर्थवाल्याची.

गोव्याची_ताई:
नगरकर, आता गोवा एक्सप्रेस दौंडला उलटते का? आम्ही ए-१ ला असतो, भावाला मनमाडला सोलापुरी चादर द्यायची आहे.

नगरकर_पुण्यात:
ताई, बऱ्याच गाड्या आता दौंड कॉर्ड लाईनने परस्पर जातात, जंक्शनात शिरत नाहीत. तुमच्या गाडीचं त्या दिवशीचं नक्की काय ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर डब्यांची जागा दिसते, तिथे मनमाड स्टेशन टाकून बघा. पुण्याची जागा बघून भावाला सांगू नका.

सौ_डोंबिवली:
चष्मा मिळाला. एचए-१ लिहिलंय. सीट नंबरच नाही. १५ तर सीट नाही, तारीख होती.

तपासनीस (निवृत्त):
एचए म्हणजे एकाच डब्यात अर्धा फर्स्ट एसी, अर्धा टू टियर. तुमचं फर्स्ट एसी असेल, म्हणून नंबर नाही. चार्ट लागला की केबिन किंवा कूपे मिळेल. तिकिटावर कन्फर्म आहे ना?

सौ_डोंबिवली:
आहे. मुलाने काढलं. इतकं महाग कशाला काढलं विचारते आधी.