शब्दचर्चा: ‘आंतरहॅलोजन’ आणि दोन अर्थांचा ‘आकार’

पाटीपेन्सिल
बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. ‘आंतरहॅलोजन संयुगांत दोन हॅलोजनच्या आकारातील फरकावरून सूत्र आणि आकार सांगता येतो’ असं वाक्य लिहिलं. एका मुलीने विचारलं, “मॅडम, आकारावरून आकार म्हणजे काय? आणि त्या दोघांत अंतर असतं म्हणून ‘आंतर’ का?” दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

चौथाबाक
आंतर म्हणजे आतलं ना? मंडपात लावतो त्या हॅलोजन दिव्याच्या आत भरलेला वायू असेल.

अनुस्वार
संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे आतला, तेवढं बरोबर. पण मराठीत आंतरजातीय विवाह, आंतरजिल्हा बदली असं म्हणताना आपल्याला ‘दोहोंमधला’ हाच अर्थ अभिप्रेत असतो. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन मूलद्रव्यं; त्यांतल्या एकाचं दुसऱ्याशी जुळलं, ते आंतरहॅलोजन. फरक या अर्थाच्या ‘अंतर’शी इथे संबंध नाही. मला स्वतःला ‘अंतरहॅलोजन’ जास्त शुद्ध वाटतं.
रसायनाचं म्हणाल तर अणूंतला फरक जितका मोठा तितके जास्त अणू जोडले जातात, आणि त्यातूनच आकारही ठरतो. वाक्य ठीक आहे.

संयुजा
पहिला अर्धा भाग मान्य, दुसरा नाही. त्या मुलीने नेमकं बोट ठेवलंय. मराठीत लहानमोठेपणालाही आकार म्हणतात आणि घडणीलाही, त्यामुळे दोन वेगळ्या पायऱ्या एकाच वाक्यात मिसळल्यात. पहिल्याला ‘आकारमान’ म्हणा, दुसऱ्याला ‘रचना’.

आकारमान एवढंच सांगतं की मोठ्या अणूभोवती लहान अणू जास्तीत जास्त किती मावतील. सहसंयुज त्रिज्या धरा: फ्लोरीन 64, क्लोरीन 99, ब्रोमीन 114, आयोडीन 133 पिकोमीटर. आयोडीन फ्लोरीनच्या दुपटीहून थोडा मोठा, म्हणून त्याच्याभोवती सात मावतात: IF₇. ब्रोमीन पावणेदोनपट, तिथे पाचवर थांबतं: BrF₅. आयोडीन आणि क्लोरीन यांचं गुणोत्तर 1.34 च, तिथे तीन. आयोडीन आणि ब्रोमीन जवळजवळ सारखे, म्हणून फक्त IBr. लहान अणूंची संख्या विषमच येते, कारण मधल्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि सम संख्येत एक बिनजोडीचा उरतो.

रचनेसाठी मात्र त्रिज्या बाजूला ठेवून मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजा. ClF₃ मध्ये क्लोरीनचे 7 आणि तीन फ्लोरीनचे 3, मिळून 10, म्हणजे पाच जोड्या. तीन बंधांत गेल्या, दोन एकाकी उरल्या. पाच जोड्यांच्या मांडणीत तीन मधल्या त्रिकोणात, एक वर आणि एक खाली असते; या दोन त्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांत बसतात, तिथे त्यांना जास्त मोकळीक मिळते. उरतो तो T. एकाकी जोड्यांच्या रेट्याने त्याचे हातही जरा झुकतात, कोन 90 ऐवजी 87.5 अंश. BrF₅ मध्ये सहा जोड्या, एक एकाकी: चौरस पायाचा पिरॅमिड.

घाणेवाला
शब्दांतलं मला कळत नाही, पण लातूरला तेलाच्या प्रयोगशाळेत काम करतो. सोयाबीन तेलाचं आयोडीन मूल्य, म्हणजे त्यात दुहेरी बंध किती त्याचं माप, काढायला आम्ही विजचं द्रावण वापरतो, त्यात ICl असतं. तीन क्लोरीन मावतात तर बाटलीत एकच का?

संयुजा
दादा, हे उदाहरण टिपणात यायलाच हवं. मावतात तीन, पण मिळतात किती ते तुम्ही क्लोरीन किती घालता त्यावर. समप्रमाणात ICl होतं, क्लोरीन जास्त झाला की ICl₃. गुणोत्तरातून कळते ती कमाल मर्यादा.

घाणेवाला
म्हणूनच आमच्याकडे द्रावण करताना आयोडीन किंचित जास्त ठेवतात! ट्रायक्लोराइड उरलं तर ते दुहेरी बंधावर जोडलं जाण्याऐवजी हायड्रोजनची जागा घेतं आणि मूल्य चुकतं. घन ट्रायक्लोराइड पिवळं, मोनोक्लोराइड लालसर तपकिरी.

अनुस्वार
मग ICl₃ सुद्धा T च म्हणायचा?

संयुजा
सूत्र पाहून तसंच वाटतं, पण घन रूपात दोन रेणू क्लोरीनच्या पुलांनी जोडलेले असतात, I₂Cl₆, आणि सगळे अणू एका प्रतलात. मर्यादेचा नियमही फार ताणू नका. क्लोरीन आणि फ्लोरीन यांचं गुणोत्तर 1.55 पाहून पुष्कळजण ClF₃ वर थांबतात, पण ClF₅ बनतं. BrF₇ माहीत नाही, मात्र BrF₆⁺ आयन आहे. म्हणजे ब्रोमीन +7 अवस्थेला पोचतो, सातव्या फ्लोरीनला जागा मिळत नाही असं मी समजतो. तिथे जागेची अडचण किती आणि ऊर्जेची किती, यावर मात्र मतं वेगळी असू शकतात.

चौथाबाक
म्हणजे दिव्याशी संबंध नाही?

संयुजा
नाही. त्यात आयोडीन किंवा ब्रोमीनचा थोडा अंश असतो, तो टंगस्टनशी संयोग पावतो.

पाटीपेन्सिल
वाक्य बदललं: ‘आकारमानातील फरकावरून सूत्राची मर्यादा, इलेक्ट्रॉन जोड्यांवरून रचना.’ ‘आंतर’ ठेवतेय, मुलांना आंतरजिल्हा बदली ओळखीची आहे.

अनुस्वार
ठेवा. माझं मत ‘अंतर’चंच.