वूफरचा फोम फाटलाय – दुरुस्ती करावी की वूफरच बदलावा?

सडाकिनारा: रत्नागिरीत राहतो. वडिलांनी 1996 साली मस्कतहून आणलेली स्पीकरची जोडी आहे, 8 इंची वूफर, 8 ओहम. डाव्या वूफरच्या कडेचा फोम अर्ध्यापेक्षा जास्त फाटलाय, उजव्याचा अजून शाबूत दिसतो. दुकानदार म्हणतो, फोमच्या नादी लागू नका, 1800 रुपयांत नवा वूफर बसवून देतो. काय करू?

ठाण्याचा_श्रोता: बदला. मी स्पष्टच सांगतो, 28-30 वर्षांच्या मालात जीव गुंतवू नये. आज फोम गेला, उद्या वूफर आणि ट्विटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर जातील, मग ट्विटर. 8 इंच आणि 8 ओहम जुळलं की वूफर बसतो, त्यात एवढं काही नाही. संध्याकाळी गाणी सुरू.

जुनी_सुरपेटी: इथे मला थांबवावंच लागेल. 35 वर्षं स्पीकर उघडतोय, आणि "8 इंच, 8 ओहम जुळलं की झालं" यानं बिघडलेल्या जोड्या मी सर्वांत जास्त पाहिल्यात. त्या पेटीचं आकारमान, मागच्या नळीची लांबी, क्रॉसओव्हर, हे सगळं त्या एका वूफरसाठी ठरवलेलं असतं. बाजारात मिळणारा 8 इंची वूफर बऱ्याचदा गाडीसाठी किंवा मोठ्या पेटीसाठी केलेला असतो. तो या पेटीत घातला की बास एक तर गुंगुंग करतो नाहीतर येतच नाही. शिवाय एकच बदललात तर डावा आणि उजवा वेगळे वाजणार. गायकाचा आवाज मधोमध उभा राहायचा, तो एका बाजूला सरकतो. स्क्रूची भोकं जुळत नाहीत तो त्रास निराळाच.

सडाकिनारा, फोम हा वूफरचा सर्वांत स्वस्त भाग आहे. मधला हलणारा कोन, त्याच्या मागची तारेची कॉइल आणि मॅग्नेट धड असतील तर नुसत्या कडेपायी ते टाकू नका. पण धड आहेत का, हे आधी बघू. मल्टिमीटर असेल तर वायरी सोडवून दोन्ही वूफरचे ओहम मोजून सांगा. मग दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मधोमध असलेल्या डस्ट कॅपच्या भोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन हलकेच आत दाबा आणि कान लावून ऐका.

मंडळाचा_आवाज: आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या 15 इंची स्पीकरची कड अशीच फाटली होती. पातळ सुती कापड आणि रबर सोल्युशन लावून पॅच मारला, तीन वर्षं विसर्जनापर्यंत वाजतोय. नवीन घ्यायची गरजच नाही. तुम्हीही तेच करा.

जुनी_सुरपेटी: दादा, तुमच्या स्पीकरची कड कापडाची, चुण्या पडलेली आहे. कापड फाटतं तेव्हा भोकाभोवतीचं कापड मजबूत असतं, म्हणून पॅच टिकतो. इथे फोम कुजलाय. चिमटीत धरून बघा, काकवी लागल्यासारखं बोट चिकट होईल नाहीतर भुगा पडेल. कुजलेल्या फोमला पॅच चिकटवला तर त्याच्या शेजारून फाटेल.

सडाकिनारा: मोजले. डावा 6.2, उजवा 6.3 ओहम. 8 चा हवा ना, मग हा कमी कसा? आणि डावा दाबला की एका बाजूला खरखर येते, कागदावर नख ओढल्यासारखी. उजवा गप्प आहे, पण तुम्ही म्हणालात तशी चिमूट घेतली तर त्याच्याही फोमचा तुकडा हातात आला.

ठाण्याचा_श्रोता: घ्या, कॉइल घासतेय. फाटक्या फोमवर महिनोन् महिने वाजवलं की हेच होतं. आता फोमचे पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात. म्हणून म्हणतो, बदला.

जुनी_सुरपेटी: ओहमची काळजी नको. मीटर फक्त तारेचा रोध दाखवतो, 8 ओहमच्या वूफरवर साधारण साडेपाच ते सात येतात. दोन्ही जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे कॉइल जळलेली नाही.

खरखर मात्र महत्त्वाची, आणि ठाण्याच्या श्रोत्यांची शंका रास्त आहे. पण घासण्याची कारणं दोन असतात. एक, फोम एका बाजूनं सुटल्यानं कोन कलंडलाय आणि त्याच्यामागं कॉइलही तिरकी झालीय. दुसरं, कॉइलचा साचा वाकलाय किंवा पडल्या-झडल्यानं मॅग्नेट सरकलाय. पहिलं फोम बदलून जातं, दुसरं जात नाही. फरक कळण्यासाठी डाव्याचा उरलेला फोम कडेकडेनं ब्लेडनं पूर्ण कापून काढा. आता कोन फक्त मागच्या स्पायडरवर, म्हणजे कॉइल मधोमध धरणाऱ्या चुणीदार चकतीवर, उभा आहे. कोन आणि बास्केट, म्हणजे वूफरची बाहेरची चौकट, यांमधलं अंतर चारी बाजूंनी सारखं करून पुन्हा दाबा. खरखर गेली तर निश्चिंत व्हा. कोन कुठेही सरकवला तरी राहिली, तर मी स्वतःच म्हणेन की वूफर शोधा, तोही त्याच मॉडेलचा जुना.

तापकीर_गल्ली: कड बदलायचीच असेल तर फोम कशाला? रबराची रिंग घ्या. कोकणच्या हवेत फोम पुन्हा 12-15 वर्षांत जाणारच, त्याला दमटपणा आणि ऊन दोन्ही खातात, वाजवला नाही तरी. रबर जन्मभर टिकतं. मी माझ्या जोडीला 6 वर्षांपूर्वी लावलं, मस्त वाजते.

जुनी_सुरपेटी: फोम दमट हवेत कुजतो हे सोळा आणे खरं, म्हणूनच उजव्याचाही आत्ताच बदलायला हवा. पण रबर जड आणि ताठ असतं. त्या कोनाला फोमच्या सैलपणाची सवय आहे. रबरानं त्याची हालचाल आखडते आणि खालचे सूर बदलतात. आधीचा आवाज मनात असेल त्याला ते जाणवतं.

तापकीर_गल्ली: मला नाही जाणवलं काका, आणि मी रोज तबला ऐकतो. पातळ रबरही मिळतं. यावर आपलं जमणार नाही.

सडाकिनारा: काल रात्री फोम पूर्ण काढला. पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापून चारी बाजूंनी कोन आणि बास्केटच्या मध्ये खोचल्या, अंतर सारखं केलं. दाबलं, आणि खरखर गायब! एक पट्टी काढून कोन थोडा खिडकीकडे कलवला की परत येते. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनाही ऐकू आलं.

जुनी_सुरपेटी: फार बरं वाटलं. आता रिंग मागवताना नुसतं "8 इंची" सांगू नका. कोनाचा बाहेरचा व्यास, फोमच्या फुगवट्याची रुंदी आणि बास्केटवर चिकटणाऱ्या कडेचा व्यास, तिन्ही मिलिमीटरमध्ये मोजा. कोनावर चिकटणारी आतली पट्टी सपाट होती की तिरकी, तेही बघा. कापलेला जुना फोम म्हणूनच टाकू नका.

जुना गोंद हळू खरवडा. राहिलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पण कोन कागदाचा असेल तर कापूस नुसता ओलसर ठेवा. आधी रिंग फक्त कोनाला चिकटवा, एक रात्र वाळू द्या. बाहेरची कड दुसऱ्या दिवशी. त्यासाठी लगेच पकडणारा रबरी गोंद वापरू नका, पांढरा पाण्याचा गोंद हवा, कारण तो ओला असताना रिंग सरकवता येते. गोंद ओला असतानाच ॲम्प्लिफायरवरून 30 हर्ट्झचा सूर अगदी बारीक आवाजात सोडा. करकर आली तर कड सरकवा, सूर स्वच्छ झाला की हात काढा. मग 24 तास हात लावायचा नाही, पावसाळ्यात 48.

ठाण्याचा_श्रोता: खरखर गेली, मान्य. वूफरपुरता माझा शब्द मागे घेतो. कपॅसिटरचं मात्र मी सोडत नाही, पेटी उघडलीच आहे तर तेही बघून घ्या.

सडाकिनारा: बघतो. मापं घेतली: कोन 157, फुगवटा 14, बाहेरचा व्यास 199. आतली पट्टी तिरकी. उजव्याचा बाहेरचा व्यास मात्र 198 येतोय. एका मिलिमीटरनं बिघडेल का?

जुनी_सुरपेटी: बाहेरच्या कडेला नाही, तिथे चिकटायला जागा असते. कोनाचं माप मात्र उजव्यावरही घ्या, फोम न ताणता, आणि मगच मागवा.