तापाचं सिरप आणि उघडी राहिलेली नळी: कमी दिवसांच्या बाळांचे पीडीएचे अनुभव

पाऊलवाट
काल लेकाला ताप होता, पॅरासिटामॉलने उतरेना म्हणून नवऱ्याने आयब्युप्रोफेनचं सिरप आणलं. बाटली हातात घेतली आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले. आठ वर्षांपूर्वी हेच औषध त्याच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी, म्हणजे पीडीए, बंद करायला दिलं होतं आणि तेव्हा मी सिस्टरला विचारलं होतं, अहो याला ताप कुठेय?

27व्या आठवड्यात झाला, 940 ग्रॅम. पहिले दोन दिवस व्हेंटिलेटरचा जोर कमी करत आणला होता, तिसऱ्या दिवशी परत वाढवला. सिस्टरने पेटीत हात घालून त्याचा तळवा उघडून दाखवला, त्यात नाडी उडताना चक्क डोळ्यांना दिसत होती. मला वाटलं पोरात दम आहे! सिस्टर गप्प. बीपी 46 वर 17. संध्याकाळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, ती नळी, डक्ट म्हणतात तिला, 2.2 मिलिमीटर.

मग सिरप. पहिल्या दिवशी अर्ध्या मिलीलाही जरा कमीच, पोटात घातलेल्या नळीतून. पुढचे दोन दिवस त्याच्या निम्मं. आणि दर वेळी डायपर काढलं की काट्यावर, लघवी किती झाली बघायला. मी त्या काट्याकडे शेअर बाजार बघावा तशी बघायचे.

तुमच्याकडे कुणाचं झालंय का असं? लिहा.

सदाफुली
बाई गं. वाचताना पोटात कालवलं. आमची 31 आठवड्यांची होती, नळीबिळी काही नव्हती पण ते डायपर वजन करणं सेम. छातीशी धरायला पहिल्यांदा दिली तेव्हा गाऊनच्या गाठीच सुटेनात माझ्या

चहाबाज
म्हणजे हृदयाला भोक ना? भाच्याला होतं. ऑक्सिजन दिला की आपोआप बुजतं असं सांगितलेलं आम्हाला

रात्रपाळी
चहाबाज, अर्धं बरोबर. भोक नाही, नळी. पोटात बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, तिकडे रक्त पाठवून उपयोग नसतो, म्हणून फुप्फुसाकडे जाणारं बरंचसं रक्त या नळीतून थेट महाधमनीत जातं. जन्मल्यावर ऑक्सिजन वाढतो आणि वार सुटल्यामुळे नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन कमी होतं. पूर्ण दिवसांच्या बाळात दोनतीन दिवसांत ती आवळून बंद. तुमच्या भाच्याचं बहुतेक असंच झालं असेल.

कमी दिवसांच्या बाळात दोन्हीकडून घोळ. नळीच्या स्नायूला ऑक्सिजनचं फारसं ऐकू येत नाही, प्रोस्टाग्लँडिनचं मात्र जास्त ऐकू येतं. दुसरं कुणी सांगत नाही ते असं की नुसतं आवळून भागत नाही. मोठ्या बाळात नळीची भिंत जाड, आवळली की भिंतीच्या आतल्या थराला रक्त पुरत नाही, तो मरतो, तिथे गाठ बसल्यासारखं होऊन नळी कायमची बुजते. 27 आठवड्यांच्या बाळात भिंत इतकी पातळ की आवळली तरी तिला नळीतल्याच रक्तातून ऑक्सिजन मिळत राहतो. मग ती जिवंत राहते आणि पुन्हा उघडू शकते. आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करतं, म्हणून तापाचं औषध.

तळव्यात नाडी का उडते तर हृदय विश्रांती घेत असताना रक्त नळीतून मागे फुप्फुसात निसटतं, म्हणून खालचं बीपी पडतं. फुप्फुसं ओली, व्हेंटिलेटर सुटत नाही, आणि आतडी आणि किडनी उपाशी. कानाला आवाज येईलच असं नाही, या बाळांत मोठी डक्ट कधीकधी गप्प असते. म्हणून इको.

(राऊंड आला, नंतर लिहितो)

बकुळ
मग आमच्यावर अन्याय झाला का?? माझी लेक पूर्ण दिवसांची, 3.1 किलो, तीन वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत आवाज सापडला, पीडीए निघाला आणि मांडीतून तार घालून प्लग बसवला. एक दिवस राहून घरी. पण कोणी सिरपचं नावही काढलं नाही! दोन रुपयांत झालं असतं की काय?

रात्रपाळी
नाही झालं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची नळी उघडी राहते ती नळीच्याच घडणीत दोष असल्याने, प्रोस्टाग्लँडिन थांबवून ती आवळत नाही. प्लगच बरोबर होता. ही औषधं कमी दिवसांच्या बाळात आणि तीही पहिल्या काही दिवसआठवड्यांतच चालतात.

बकुळ
बरं वाटलं. तीन वर्षं मनात होतं

गावाकडचा
आमच्या जुळ्यातली एक 780 ग्रॅम. दोनदा औषध झालं, नळी तशीच. मग एनआयसीयूतच ऑपरेशन, डाव्या बाजूने बरगड्यांमधून जाऊन क्लिप लावली. नळी बंद, तीन दिवसांत व्हेंटिलेटर कमी व्हायला लागला. पण रडायला लागली तर आवाजच नाही, नुसती हवा. कोणी आधी सांगितलं नव्हतं, आम्हाला वाटलं मुकीच झाली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं नळीच्या खालून आवाजाची नस वळसा घालून जाते, ती दुखावली. आता सहा वर्षांची, आवाज घोगरा पण तोंड बंद होत नाही 😄 तिची आजी म्हणते गाणं शिकवा, मी म्हणतो कोणतं, गोंधळ?

सदाफुली
😂😂 शिकवाच

केळफूल
गावाकडचा, आता एवढ्या लहानांनाही मांडीतल्या शिरेतून प्लग बसवतात ना? 700 ग्रॅमच्या बाळालाही चालतो असं वाचलं

रात्रपाळी
हो, पिकोलो म्हणून आहे, वाटाण्याहून लहान. अमेरिकेत 2019 ला मान्यता. पण त्याला तसा हात बसलेला माणूस लागतो, सगळीकडे नाहीत.

लीड्सकर
आमच्या इथे यूकेत काहीच केलं नाही हो. 26 आठवडे, डक्ट 1.9. कन्सल्टंट म्हणाले पाणी थोडं कमी देऊ, बघत राहू. मी भांडले, भारतातली बहीण फोनवर ओरडत होती औषध का देत नाहीत. घरी आणलं तेव्हाही किंचित उघडीच होती, सातव्या महिन्याच्या इकोत बंद. अजून कळत नाही कोण बरोबर

रात्रपाळी
तिथेच 650 वर बाळांवर अभ्यास झालाय, 2024 ला छापून आला. मोठी डक्ट असलेल्यांना लवकर आयब्युप्रोफेन देऊन मृत्यू किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार कमी झाला नाही. आमच्या युनिटमध्ये यावरून दोन गट आहेत. मी म्हणतो व्हेंटिलेटर सुटत नसेल आणि बीपी पडत असेल तर द्यावं. मॅडम म्हणतात थांब. कधी त्या बरोबर निघतात.

पाऊलवाट
आमचं पुढचं राहिलंच. सिरपने 0.8 झाली होती, पेढे वाटायचेच बाकी होते. बाराव्या दिवशी इन्फेक्शन, डक्ट परत 2 च्या वर. दुसरा डोस द्यायला गेले तर प्लेटलेट 42 हजार आणि लघवी कमी, मग ते औषध नाहीच म्हणाले, रक्तस्राव होईल. पॅरासिटामॉल दिलं, शिरेतून, दर सहा तासांनी, तीन दिवस. त्याने बारीक झाली आणि तिसऱ्या महिन्यात आपोआप गेली.

मोगरा२८
मला 29वा आठवडा चालू आहे, कंबर फार दुखते, मैत्रिणीने आयब्युप्रोफेनची गोळी दिलीये. हे वाचून घेऊ की नको झालंय

रात्रपाळी
नको. पोटातल्या बाळाची तीच नळी वेळेआधी आवळू शकते, तिथे ती उघडी हवी असते. उद्या तुमच्या डॉक्टरांना विचारा, तोवर पॅरासिटामॉल.

मोगरा२८
ठेवली बाजूला. थँक्यू

चहाबाज
एकच गोळी, पोटात नको आणि पेटीत हवी. डोकं गरगरलं, चहा टाकतो

पाऊलवाट
काल रात्री 10 मिली दिलं त्याला. तेव्हा अर्धा मिली सुद्धा नव्हतं. तोंड वाकडं करून म्हणाला, हे असलं औषध मला कोणी आधी दिलं असेल तर मी त्याच्याशी बोलणार नाही

रात्रपाळी
ताप कितवा दिवस? पावसाळा आहे, डेंग्यू नाही ना बघा मगच दुसरा डोस. प्लेटलेटचं तुम्हाला सांगायला नकोच.

पाऊलवाट
दुसरा दिवस. सकाळी त्याचं रक्त तपासायला देऊन येते