मदत हवी आहे: पगाराची फाईल बँक परत पाठवतेय, हॅश टोटलमध्ये ३७ चा फरक

पेरोल_डेस्क
पगाराची फाईल बँकेच्या पोर्टलवर चढवली की लगेच परत येते. संदेश एवढाच: `Hash total mismatch in trailer`. शेवटच्या ट्रेलर ओळीतली नोंदींची संख्या जुळते, एकूण रक्कम जुळते. फक्त खाते क्रमांकांची बेरीज जुळत नाही. पोर्टलच्या अहवालाप्रमाणे फाईलमधली बेरीज ट्रेलरपेक्षा ३७ ने कमी आहे. एक्सेलमध्ये ही बेरीज नव्याने काढून ट्रेलरमध्ये टाकायचा फॉर्म्युला कोणी देईल का? पगार उद्या जायलाच हवेत, त्यामुळे लवकर सांगा.

रात्रपाळी
हॅश काढायला एक्सेल कशाला? कमांड लाईनवर `sha256sum pay.csv` चालवा, जे उत्तर येईल ते बँकेला पाठवा. फाईल वाटेत बदललेली नाही हे त्यावरून सिद्ध होतं.

वसुधा_म
रात्रपाळी, तो वेगळा हॅश. इथे सगळे खाते क्रमांक साधी संख्या धरून त्यांची बेरीज करतात. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो, एखादा क्रमांक बदलला तर ती हलते एवढाच तिचा उपयोग.

पेरोल_डेस्क, ट्रेलर नव्याने लिहू नका. आधी तीन गोष्टी सांगा. ट्रेलर कोणी तयार केला, पेरोल सॉफ्टवेअरने की तुम्ही? सॉफ्टवेअरमधून बाहेर पडल्यावर फाईल कशात उघडली होती का? आणि खाते क्रमांक किती अंकी आहेत?

जुना_हिशेबनीस
आमच्या वेळची युक्ती सांगतो. फरकाला ९ ने भागा. भाग गेला तर दोन आकडे उलटसुलट झालेत. ३७ ला भाग जात नाही, म्हणजे एका खात्यातला एक आकडा चुकीचा टाइप झालाय. एकेक खातं डोळ्यांखालून घाला, सापडेल.

वसुधा_म
काका, ९ ची खूण बरोबर आहे, पण पुढचं जमत नाही. एकच आकडा चुकला असता तर फरक ३ किंवा ४० किंवा ७०० असा आला असता, म्हणजे एक आकडा आणि मागे शून्यं. ३७ एका आकड्याने येत नाही. बऱ्याच खात्यांच्या एकं स्थानी थोडं थोडं गेलेलं दिसतंय.

पेरोल_डेस्क
ट्रेलर सॉफ्टवेअरनेच दिला. एकाचा ओव्हरटाइम राहिला होता म्हणून फाईल एक्सेलमध्ये उघडून त्याची रक्कम बदलली, ट्रेलरमधली एकूण रक्कमही वाढवली. खाते क्रमांकांना हातही लावलेला नाही. ते `1.23457E+15` असे दिसत होते म्हणून त्या कॉलमला नंबर फॉरमॅट दिला, दशांश शून्य. आता पूर्ण दिसतात. काही क्रमांक १२ अंकी, काही १६ अंकी. फॉर्म्युला मिळेल का?

वसुधा_म
इथेच सगळं आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, सोळावा अंक शून्य होतो. तुम्ही क्रमांकांना हात लावला नाही, पण फाईल उघडताक्षणी एक्सेलने लावला. नंबर फॉरमॅट दिल्यावर क्रमांक पूर्ण दिसतात, पण गेलेला अंक परत येत नाही. १२ अंकी खाती मात्र शाबूत राहतात, म्हणून वरवर नजर टाकली तर काही खटकत नाही.

पडताळून बघा: मूळ फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त १६ अंकी खात्यांचे शेवटचे आकडे मिळवा. ३७ आले पाहिजेत.

आता फॉर्म्युला का नको ते. बिघडलेल्या खात्यांवरून बेरीज काढून ट्रेलरमध्ये टाकली असती तर बेरीज जुळली असती आणि पोर्टलने फाईल घेतली असती. मग पैसे शून्याने संपणाऱ्या भलत्याच क्रमांकांकडे निघाले असते. नशीब असेल तर परत येतात, तसं खातं खरंच कोणाचं असेल तर दुसऱ्याच्या खिशात जातात. म्हणून नियंत्रण बेरीज ज्या फाईलची तपासणी करायची तिच्यातून कधीच काढू नये. ती मंजूर झालेल्या पगारपत्रकातून यायला हवी.

अनिकेत_डेटा
कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्या की संपलं, एवढं लांबण कशाला?

वसुधा_म
उघडल्यावर टेक्स्ट केलं तर शून्य झालेला अंकच टेक्स्ट होतो. आयात करतानाच त्या कॉलमला टेक्स्ट निवडायला हवं. आणि मुळात पाठवायची फाईल हाताने बदलूच नये. ओव्हरटाइम पेरोलमध्ये नोंदवा आणि फाईल नव्याने काढा.

अनिकेत_डेटा
आयातीचं मान्य. पण तपासणीला एक्सेल हवं कशाला, `awk` मध्ये एका ओळीत बेरीज होते.

वसुधा_म
साध्या `awk` मध्येही तीच अडचण थोडी पुढे येते. पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच अचूक राहतात, आणि १६ अंकी क्रमांकांची बेरीज त्याच्या कितीतरी पुढे जाते. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही:

```python
import csv
from decimal import Decimal

n = amt = acc = 0
for r in csv.reader(open("pay.csv", newline="")):
    if r and r[0] == "D":
        n += 1
        acc += int(r[1])
        amt += Decimal(r[2])
print(n, amt, acc)
```

`D` म्हणजे कर्मचाऱ्याची ओळ, मग खाते, मग रक्कम असं धरलंय. तुमच्या फाईलप्रमाणे कॉलम बदला. काही बँका बेरजेचे शेवटचे ठरावीक अंकच घेतात, ते त्यांच्या फाईल फॉरमॅटच्या कागदात बघून घ्या.

अनिकेत_डेटा
`gawk -M` मध्ये मोठे पूर्णांक अचूक येतात. उगीच पायथन बसवायला सांगू नका.

सायली_के
आमच्याकडे पगार परत आला होता कारण लग्नानंतर नाव बदललं आणि बँकेत जुनंच होतं. नावं पण तपासा!

जुना_हिशेबनीस
बेरीज जुळली म्हणजे फाईल बरोबर, एवढं तरी खरं ना?

वसुधा_म
नाही काका. दोन कर्मचाऱ्यांची खाती आपसात बदलली तर संख्या, रक्कम, हॅश तिन्ही तंतोतंत जुळतात, आणि याचा पगार त्याला जातो. तसंच खात्याच्या सुरुवातीचं शून्य उडालं तरी बेरीज तीच राहते, म्हणून लांबी वेगळी तपासावी लागते. अदलाबदल पकडायची तर कर्मचारी क्रमांक धरून प्रत्येक ओळ गेल्या महिन्याच्या स्वीकारलेल्या फाईलशी लावायची. खातं बदललेल्या ओळी थोड्याच निघतात, त्या प्रत्येकीला लेखी अर्ज आहे का ते बघायचं.

पेरोल_डेस्क
१६ अंकी खाती आठ निघाली. शेवटचे आकडे ४, ७, ०, ६, ३, ९, २, ६. बेरीज ३७! शून्याने संपणारं एक वाचलं, बाकी सात बिघडली होती. ओव्हरटाइम पेरोलमध्ये टाकून फाईल नव्याने काढली, कुठेही न उघडता स्क्रिप्ट चालवली, तिन्ही आकडे पगारपत्रकाशी जुळले.

गेल्या महिन्याशी ताडल्यावर तीन खाती बदललेली दिसली. दोघांचे अर्ज आहेत, तिसऱ्याचा सापडत नाही आणि तो फोन उचलत नाहीये. त्याची ओळ काढून फाईल नव्याने काढू, की जुन्या खात्यावर पाठवू?

सायली_के
जुन्यावर पाठवा, पगार अडवू नका.

वसुधा_म
जुनं खातं बंद असेल तर? त्याला थांबवून फाईल काढा, संख्या आणि बेरजा आपोआप नव्या येतील. त्याचा पगार खात्री झाल्यावर वेगळ्या फाईलने द्या. आणि खातं कोणी बदललं ते पेरोलच्या बदल-नोंदीत बघा.

पेरोल_डेस्क
बदल-नोंद बघायचा अधिकार माझ्याकडे नाही. साहेबांना विचारते.